मायक्रोवेव्ह गुणगुणतो, पण दूध थंडच

दिवा लागतो, ताटली फिरते, गुणगुण मात्र नेहमीपेक्षा जड. अशा वेळी मी पहिला संशय डायोडवर घेतो. ट्रान्सफॉर्मर साधारण 2000 व्होल्ट देतो, कपॅसिटर आणि डायोड मिळून ते जवळपास दुप्पट करतात आणि त्यावर मॅग्नेट्रॉन लहरी तयार करतो. डायोड शॉर्ट झाला की दुप्पट होणं थांबतं, ट्रान्सफॉर्मर नुसताच घुमतो.

प्लग काढल्यावरही कपॅसिटरमधला चार्ज जीव घेऊ शकतो. म्हणून थोडं थांबून, चांगल्या इन्सुलेशनच्या स्क्रूड्रायव्हरने त्याची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवली, मग प्रत्येक टोक बॉडीला. याची सवय नसेल तर झाकण उघडूच नका.

डायोड सुटा करून तपासला. इथे बरेच जण फसतात: साधा मल्टीमीटर चांगला डायोडही दोन्हीकडून बंद दाखवतो. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून 9 व्होल्टची बॅटरी सिरीजमध्ये जोडली. चांगला डायोड एकाच दिशेने व्होल्ट दाखवतो. याने दोन्हीकडून पूर्ण 9 दाखवले. म्हणजे शॉर्ट.

नवा बसवण्याआधी मॅग्नेट्रॉनही पाहिला. फिलामेंट एक ओहमपेक्षा कमी, फिलामेंट ते बॉडी मात्र काहीच नाही, म्हणजे ठीक. डायोडची पट्टीकडची बाजू बॉडीला लावली. कपभर पाणी एका मिनिटात चांगलं तापलं.