ऑनलाइन मीटिंगमध्ये ओळख करून देताना नाव आधी सांगू नका

मीटिंगमध्ये तुम्ही बोलू लागलात की स्क्रीनवरचा मोठा चौकोन लगेच तुमच्याकडे वळत नाही, थोडा वेळ जातो. माइक सुरू करताना पहिला शब्दही अर्धा कापला जातो. आपण नेमकं त्याच वेळी नाव सांगतो आणि ते निसटतं. म्हणून आधी ‘नमस्कार’ म्हणा, एक श्वास थांबा आणि मग नाव सांगा.

समजा, स्नेहा ठाण्यात घोडबंदर रोडलगतच्या फ्लॅटमध्ये राहते आणि तिची मुलाखत दुपारी आहे. हॉलच्या खिडकीतून ट्रक आणि हॉर्न ऐकू येतात, त्यामुळे तिने आतली बेडरूम निवडावी. गादी, पडदे आणि कपड्यांमुळे तिथे आवाज घुमत नाही. पंख्याची एकसुरी घरघर मीटिंगचं अ‍ॅप बरीच कमी करतं, पण वारा थेट माइकवर आला तर फडफड ऐकू येते. अ‍ॅपला सर्वात अवघड जातं ते दुसऱ्या माणसाचं बोलणं. शेजारच्या खोलीतला टीव्ही पंख्यापेक्षा जास्त नडतो, तो बंद करायला सांगाच. कुकरही त्या अर्ध्या तासात लावू नये. साधे वायरचे इअरफोन चालतात, फक्त माइक ओढणीला घासू देऊ नका.

आता कॅमेरा. खिडकी पाठीमागे असेल तर कॅमेरा त्या उजेडाप्रमाणे जुळवून घेतो आणि चेहरा काळा पडतो. खिडकीकडे तोंड करून बसा. लॅपटॉपखाली जाड पुस्तकं ठेवून लेन्स डोळ्यांच्या रेषेत आणा, नाहीतर समोरच्यांना तुमची हनुवटी आणि छताचा पंखा दिसत राहतो. मीटिंगची खिडकी सरकवून लेन्सच्या अगदी खाली आणा, म्हणजे माणसांकडे बघतानाही नजर फारशी खाली जात नाही.

स्नेहाचं बोलणं असं:

“नमस्कार. … माझं नाव स्नेहा, मी ठाण्याहून बोलतेय. तीन वर्षं मी एका औषध वितरकाकडे बिलिंग आणि जीएसटीचं काम पाहते. स्टॉक आणि बिलं जुळत नसतील तर फरक शोधणं हे माझं रोजचं काम. तुमच्याकडे मला खरेदीचे हिशेब सांभाळायला आवडेल. धन्यवाद, मी स्नेहा.”

सावकाश बोललं तर हे साधारण 25 सेकंदांत संपतं. शिक्षण आणि छंद मी मुद्दाम गाळले आहेत. ते विचारले तर सांगता येतात, पण रोजच्या कामाचं ते एक वाक्य सोडू नका, कारण पुढचा प्रश्न बहुधा त्यावरच येतो. कागद स्क्रीनच्या वरच्या कडेला चिकटवा, टेबलावर ठेवला तर मान खाली जाते.

तालीम करायची तर घरातल्या कोणाला तरी दुसऱ्या खोलीतून फोनवर मीटिंगमध्ये घ्या. एकाच खोलीत दोन फोन ठेवले तर आवाज परत येऊन किंचाळतो. नाव, गाव आणि काम नीट ऐकू आलं का, एवढंच त्यांना विचारा. शेवटचा शब्द बोलून झाल्यावर दोन सेकंद लेन्सकडेच बघा आणि मगच म्यूट करा, घाई केली तर शेवटचं नावही कापलं जाईल.