भावंडांच्या भांडणाचा रोल-प्ले लिहिताय? या चुका टाळा

घरकामाच्या वाटणीवर स्क्रिप्ट लिहा म्हटलं की दहातले नऊ जण तेच लिहून आणतात, भाऊ मोबाईल घेऊन कॉटवर आडवा आणि ताई बिचारी भांडी घासतीय. अहो मग भांडायचं कशावर? कोण चुकलंय ते पहिल्या ओळीतच ठरलं की.

तासगावकडच्या एका गावात अशाच स्क्रिप्टवर वर्कशॉप चाललेलं, मी मागं बसून बघत होते. भाऊ झालेल्या पोरावर अख्खा हॉल तुटून पडला, मागनं बायका पण ओरडायला लागल्या, आणि ते पोरगं घरी रोज पहाटे धार काढून डेअरीला दूध घालून येणारं, हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. ते जे गप्प झालं ते नंतरच्या चर्चेत एक शब्द बोललं नाही.

म्हणून माझी सवय अशी की प्रत्येकाला वेगळी चिठ्ठी द्यायची आणि दुसऱ्याची वाचू द्यायची नाही. चिठ्ठीत तीनच गोष्टी, मी काय करतो, मला काय खुपतंय, आणि नीट विचारलं तर मी काय सोडीन. दादाच्या चिठ्ठीत पहाटेची धार आणि वैरण, खुपतंय हे की ते काम कुणी धरतच नाही, आणि रविवारची भांडी घासायला तो तयार. ताईकडं दोन्ही वेळची भांडी, वर बारावीचं प्रॅक्टिकल तोंडावर, पण दळणाचं ती बघेल. धाकट्याकडं दळण, दुकान, सगळी पळापळ, आणि "तू लहान हायस" म्हणून वाटणीत त्याला विचारतच नाहीत. त्याला नळाचं पाणी भरायचं चालतंय, फक्त ते काम त्याच्या नावावर पाहिजे. आता तिघांचंही खरं आहे, म्हणून भांडण पेटतं.

दुसरी चूक म्हणजे सगळे डायलॉग लिहून देणं. पोरं कागदात डोकं घालून वाचत बसतात, समोरचा काय बोलला ते ऐकतच नाहीत. पहिलं वाक्य तेवढं द्या, "दादा, आजची भांडी तू घासायचीस," पुढचं त्यांचं त्यांना सुचतं. सुरुवातीला मिनिटभर शांतता होते तेव्हा घाईची मंडळी लगेच मधे बोलून उत्तर सुचवतात, ते करू नका, थांबा जरा.

शेवटी समेट लिहून ठेवायचा नाही. सात-आठ मिनिटांनी भांडण तापलेलं असतानाच थांबवा आणि दादा-ताईच्या चिठ्ठ्या बदलून परत खेळवा.

आणि वेळ संपली म्हणून लगेच चहाला सोडायचं नाही. आधी प्रत्येकानं चिठ्ठी परत देऊन, खुर्ची बदलून स्वतःचं खरं नाव सांगायचं, नाहीतर दादाला घातलेल्या शिव्या ते पोरगं घरी घेऊन जातं. मग चर्चा. त्यात "कोण बरोबर?" हा प्रश्न मी विचारतच नाही, ताई झालेलीला विचारते, दादाची पहाट तुला कितव्या वाक्याला कळली, आणि त्याआधी तू त्याला काय काय बोललीस.