हॉटेलच्या अकाउंट्समधली इंटर्नशिप आणि मे महिन्यातलं ‘सीझनाक पळोवया’

बी.कॉम. किंवा बीबीए करताना म्हापसा-कळंगुट-कांदोळी पट्ट्यातल्या हॉटेलात अकाउंट्सला लागलेल्यांसाठी हे लिहितेय. जानेवारीत लागलात, मेच्या मध्यावर सुटणार, आणि आता एप्रिल तोंडावर आलाय, असं समजून बोलते. टॅलीत एन्ट्री मारणं, परचेसची बिलं लावणं, बँक स्टेटमेंटवर टिक करणं हे तुम्हाला येतंच. ते सगळ्याच इंटर्नना येतं, म्हणून त्यावर कोणी नोकरी देत नाही.

आधी एक सापळा सांगते, कारण त्यात माझा अख्खा पावसाळा गेलाय. मेमध्ये तुम्ही मॅनेजरला धीर करून विचारता, ‘सर, पुढे काही चान्स?’ आणि ते अगदी मायेनं म्हणतात, ‘सीझनाक पळोवया, बाय.’ म्हणजे सीझनला बघू. ते खोटं बोलत नसतात. गोव्यातल्या हॉटेलाचं डोकं ऑक्टोबर ते मार्चच्या हिशेबानं चालतं. वेटर, हाउसकीपिंग, फ्रंट ऑफिसची जादा माणसं सप्टेंबरअखेर घेतात आणि पाऊस लागला की कमी करतात. तीच पट्टी ते तुम्हालाही लावतात. तुम्ही जूनभर फोनकडे बघता, जुलैत एक ‘गुड मॉर्निंग’ पाठवता, ऑगस्टमध्ये निळ्या टिका दिसतात आणि उत्तर येत नाही. सप्टेंबरात जागा निघते तेव्हा तुमचं नाव कोणाच्या ध्यानात नसतं, समोर जो उभा असतो तो लागतो. त्या वाक्यात तारीख नाही, पगार नाही आणि मंजुरी देणाऱ्याचं नाव नाही. म्हणजे ती ऑफर नाही. गोड बोलले म्हणून ऑफर समजू नका, हे मी हव्या त्या आवाजात सांगायला तयार आहे.

आणि गंमत अशी की अकाउंट्सचं काम सीझनवर चालतच नाही. उलट पावसात ते वाढतं. मार्चअखेरची वही जूनपासून जुळवायला घेतात, टॅक्स ऑडिटची मुदत साधारण ३० सप्टेंबर असते, आणि जानेवारी ते मार्चचं टीडीएस रिटर्न भरायला कापणाऱ्यांना ३१ मेपर्यंत वेळ असतो, त्यामुळे तुमच्या हॉटेलाचं 26AS, म्हणजे त्याच्या नावावर कापलेल्या टीडीएसचं आयकर खात्याकडचं स्टेटमेंट, पूर्ण दिसतं ते जूनमध्ये. बाकीचं हॉटेल रिकामं असताना अकाउंटंट मात्र फायलींत बुडालेला असतो. तुमची जागा तिथे आहे. फक्त ती त्यांना एप्रिलमध्येच दिसायला हवी, आणि त्यासाठी असं काम धरावं लागतं जे दर महिन्याला परत येतं.

एकदाच करून संपणारी कामं इंटर्नला फार आवडतात. जुन्या फायली लावल्या, व्हेंडर लिस्ट साफ केली, नेटवरून टेम्प्लेट उतरवून रंगीत डॅशबोर्ड बनवला. टाळ्या मिळतात, केक कापतात, सर्टिफिकेट देतात. पण काम संपलं की तुमची गरजही संपली. मी ओटीए रिकन्सिलिएशन धरा असं म्हणते, म्हणजे ऑनलाइन बुकिंग साइटवरून आलेली बुकिंगं आणि त्यांचे पैसे जुळवणं, कारण मधल्या आकाराच्या हॉटेलात ते बहुधा कोणाचंच नसतं. फ्रंट ऑफिसला वाटतं ते अकाउंट्सचं, अकाउंट्सला वाटतं ते रिझर्व्हेशनचं.

एक बुकिंग घेऊन बघा. रूम ५,००० रुपये, दोन रात्री, म्हणजे १०,०००. भाडं रात्रीला ७,५०० च्या आत असल्यानं जीएसटी ५ टक्के, ५०० रुपये. पाहुण्यानं ओटीएला आधीच १०,५०० भरले. समजा कमिशन १८ टक्के ठरलंय आणि ते भाड्यावर आहे: १,८०० रुपये. कमिशनवर जीएसटी १८ टक्के, ३२४. ओटीए सरकारसाठी कापते तो जीएसटीचा टीसीएस अर्धा टक्का, ५० रुपये. आयकराचा टीडीएस ०.१ टक्का, १० रुपये. बँकेत येतात ८,३१६.

आता बहुतेक ठिकाणी काय होतं? बँकेत पंधरा-वीस बुकिंगांचे पैसे एका रकमेत येतात, आणि विक्री व जमा यांच्यातला सगळा फरक ‘कमिशन’ म्हणून टाकून मोकळे होतात. वरच्या उदाहरणात २,१८४ रुपये कमिशनमध्ये गेले. त्यातले ६० रुपये खर्च नाहीतच, ते हॉटेलचे स्वतःचे पैसे आहेत, सरकारकडे जमा असलेले. टीडीएस आयकरात वळता होतो. टीसीएस जीएसटीच्या कॅश लेजरमध्ये येतो, पण आपोआप नाही. पोर्टलवर “TDS and TCS Credit Received” उघडून तो स्वीकारावा आणि फाइल करावा लागतो. कोणी केलंच नाही तर तसाच पडून राहतो. साठ रुपयांना कोण हिंग लावून विचारतो? पण महिन्याला ओटीएवरून २० लाखांची विक्री असेल तर टीसीएसच १०,००० होतो. (३२४ रुपयांचं क्रेडिट मात्र मागू नका. ५ टक्केवाल्या रूमवर इनपुट क्रेडिट मिळत नाही, तो खर्चच. अकाउंटंटसमोर हे उलटं बोललात तर उरलेले आठवडे चहाच आणाल.)

दुसरी गळती नो-शोची. पाहुणा हॉटेलात पैसे देणार होता आणि आलाच नाही. रात्रपाळीच्या मुलानं हॉटेलच्या सिस्टिममध्ये नो-शो टाकून नाइट ऑडिट केलं, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद केला. पण ती नोंद बहुतेक ठिकाणी ओटीएकडे आपणहून जात नाही. चॅनल मॅनेजर हे सॉफ्टवेअर दर आणि रूमची उपलब्धता पोचवतं, पाहुणा आला की नाही ते ओटीएच्या एक्स्ट्रानेटवर, म्हणजे हॉटेलांसाठीच्या तिच्या पोर्टलवर, वेगळं सांगावं लागतं आणि त्याला मुदत असते. मुदत गेली की पुढच्या महिन्याच्या बिलात न आलेल्या पाहुण्याचंही कमिशन लागतं. वरच्याच बुकिंगवर ते २,१२४ रुपये. ओळखायचं कसं? कमिशनचं बिल आणि सिस्टिममधला आलेल्या पाहुण्यांचा रिपोर्ट शेजारी ठेवा आणि बुकिंग नंबरावरून जुळवा. नावावरून जुळवायला जाऊ नका, एकाच आठवड्यात तीन शर्मा असतात. जे बिलात आहे आणि रिपोर्टात नाही ते नो-शो किंवा रद्द झालेलं. जे दोन्हीकडे आहे पण रात्री वेगळ्या आहेत, तिथे पाहुणा लवकर निघून गेलेला असतो.

इथे जरा जपून. तुमची यादी काढलीत की ती रात्रपाळीच्या मुलांची चूक दाखवणारी यादी दिसते. ती थेट जीएमच्या टेबलावर ठेवलीत तर फ्रंट ऑफिस मॅनेजर तुम्हाला कायमचा अंतरला, आणि छोट्या हॉटेलात त्याचा एक शब्द तुमच्या ऑफरला पुरतो. आधी त्याच्याकडे जा. ‘सर, यातल्या अजून मुदतीत असलेल्या कुठल्या, बघता?’ असं विचारा. चार-पाच कमिशन त्यानं स्वतः परत मिळवली की तोच तुमचं नाव घेईल. यादी एकत्र नेली तर फारच उत्तम.

वेळेचं गणित आता. ओटीए आपलं टीसीएसचं रिटर्न पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत भरते, आणि मासिक रिटर्न भरणारं हॉटेल आपलं जीएसटीचं 3B रिटर्न २० तारखेपर्यंत. म्हणजे तुमचं हे काम दर महिन्याच्या १० ते २० मध्ये बसतं. १५ मेला सुटणार असाल तर हातात एप्रिलचा एकच पुरा फेरा आहे, मेचा अर्धा. शेवटच्या आठवड्यात प्रेझेंटेशन करून दिपवून टाकू, असा बेत असेल तर सोडा. तोवर जूनचं मनुष्यबळ ठरलेलं असतं. मार्चचा महिना एप्रिलमध्ये अकाउंटंटशेजारी बसून जुळवा, त्यांच्या सवयीच्या कॉलममध्ये, त्यांच्या फोल्डरमध्ये. पोर्टलचं लॉगिन मागू नका. ते तुम्हाला मिळू नये हेच बरोबर, आकडे काढून द्या आणि बटण त्यांना दाबू द्या. पाहुण्यांची माहिती असलेली शीट स्वतःच्या मेलवर तर कधीच पाठवू नका, घरी काम करायची कितीही हौस असली तरी.

शीट मोठी नसली तरी चालते. माझ्या दुसऱ्या इंटर्नशिपमधली एका ओटीएची एक शीट होती: बुकिंग नंबर, रात्री, भाडं, कमिशन, त्यावरचा जीएसटी, टीसीएस, टीडीएस, यायला हवे ते, आले ते, फरक. शेवटच्या कॉलमात फरकाचं कारण दोन शब्दांत. आमचे अकाउंटंट पहिल्यांदा नुसते ‘हूं’ म्हणाले. पुढच्या महिन्यात त्यांनीच हाक मारली, ‘बाय, ती शीट खंय पावली?’ म्हणजे कुठवर आली. ही हाक आली की समजा तुमचं काम लागलं. नाही आली तरी घाबरू नका, काही जण मुळातच कमी बोलतात. रिटर्न भरताना त्यांनी तुमचा आकडा घेतला का, ते बघा.

मेंटरबद्दल माझं मत जरा तिरकस आहे. कॉलेजनं नेमलेला गाइड भला असतो, पण हॉटेलात त्याला कोणी ओळखत नाही. ओळखीवर लागलेल्यांना ओळखीवरच काढतात, हेही पाहिलंय. तुमचा खरा मेंटर तो अकाउंटंट, ज्याचं २० तारखेचं डोकं तुमच्यामुळे कमी दुखतं.

म्हणून त्याच्याशीच बोला, आणि एप्रिलचा फेरा संपल्याबरोबर. ‘नोकरी मिळेल का’ असं विचारू नका. असं म्हणा: ‘सर, जूनला 26AS आलं की वर्षभराचा टीडीएस असाच जुळवावा लागेल. मी जून ते सप्टेंबर हे आणि महिन्याचं ओटीए दोन्ही धरते. जागेची मंजुरी कोण देतं?’ यावर ‘जीएम’ असं उत्तर आलं तर त्याच आठवड्यात दोघे मिळून जा. मागच्या महिन्याचे दोन आकडे बरोबर न्या, टीसीएस किती जमा करून घेतला आणि कमिशन किती परत आलं. तिसरा आकडा न्यायची गरज नाही.

तरीही ‘सीझनाक पळोवया’ ऐकू येईल. येऊ दे. काही हॉटेलांत खरंच जागा नसते, मालक स्वतःच पणजीच्या सीएकडून सगळं करून घेतो. तिथे तुम्ही कितीही राबलात तरी पद निर्माण होत नाही, आणि त्यात तुमचं काही चुकत नाही. तीच शीट, पाहुण्यांची माहिती नसलेल्या कोऱ्या रूपात, शेजारच्या हॉटेलच्या मुलाखतीत कागदावर काढून दाखवता येते. मला तशीच विचारली होती, पेन हातात देऊन.

हो म्हणाले तर मेलवर मागा. त्यात पद, रुजू व्हायची तारीख आणि पगार बघा, आणि मुख्य म्हणजे हॉटेलच्या रोलवर घेतायत की मनुष्यबळ पुरवणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरच्या. कॉन्ट्रॅक्टरच्या असेल तर पीएफ आणि ईएसआय कोण भरणार आणि पावसाळ्यात करार चालू राहणार का, हे सही करायच्या आधी एचआरला विचारून घ्या.