डीआयसी: 'नॉर्मल' फायब्रिनोजेनने मला फसवलं तेव्हा

रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षी सेप्सिसचा एक रुग्ण माझ्याकडे होता. सकाळी राऊंडला गेलो तर सलाईनच्या सुईभोवतीची पट्टी रक्ताने भिजलेली आणि त्याच हाताची बोटं मात्र निळी-काळी, थंड पडलेली. एकाच हातात रक्त थांबतही नव्हतं आणि पुढे सरकतही नव्हतं. डीआयसी, म्हणजे डिसेमिनेटेड इन्ट्राव्हॅस्क्युलर कोअ‍ॅग्युलेशन, मला खरं कळलं ते त्या हाताकडे बघून.

सेप्सिसमध्ये मोनोसाइट पेशी टिश्यू फॅक्टर बाहेर काढतात आणि शरीरभर थ्रॉम्बिन तयार होऊ लागतं. बारीक रक्तवाहिन्यांत फायब्रिनच्या गुठळ्या अडकतात, म्हणून बोटं काळी पडतात आणि लघवी कमी होते. या गुठळ्या बनवण्यात प्लेटलेट आणि क्लॉटिंग फॅक्टर खर्ची पडतात. मग सुईच्या जागी, जिथे गुठळी खरोखर हवी असते, तिथे द्यायला काही उरत नाही. शिवाय प्लाझ्मिन फायब्रिन तोडतं तेव्हा निघणारे तुकडे नव्या गुठळीची वीणही बिघडवतात. डी-डायमर हा त्यातलाच एक तुकडा.

त्या रुग्णाच्या प्लेटलेट आदल्या दिवशी १,९०,००० होत्या, आज ४८,०००. रक्त गोठायला लागणारा वेळ, म्हणजे पीटी, कंट्रोलपेक्षा ४ सेकंदांनी जास्त, डी-डायमर खूप वाढलेला. ज्यापासून फायब्रिन बनतं ते फायब्रिनोजेन मात्र २८० मिग्रॅ/डेसिलिटर. नॉर्मल २०० ते ४००, म्हणून मी डीआयसी नाही असं ठरवून मोकळा झालो.

सिनियर मॅडमनी एकच विचारलं, "एवढ्या इन्फेक्शनमध्ये ते किती असायला हवं होतं?" फायब्रिनोजेन सूज आणि इन्फेक्शनमध्ये वाढतं. आदल्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये ते ६१० होतं, आणि मी तो उघडलाच नव्हता. ६१० वरून २८० ही घसरणच होती. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांतही फायब्रिनोजेन मुळात जास्त असतं, त्यामुळे तिथेही २००च्या आसपासचा आकडा बघून निर्धास्त राहू नका.

डीआयसी ठरवण्यासाठीच्या आयएसटीएच या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या स्कोअरमध्ये प्लेटलेट ५०,०००च्या खाली म्हणून २, डी-डायमर खूप जास्त म्हणून ३, पीटी ३ ते ६ सेकंद लांबल्याबद्दल १, आणि फायब्रिनोजेन १००च्या वर म्हणून शून्य. एकूण ६. पाच किंवा जास्त म्हणजे उघड डीआयसी. हा स्कोअर डीआयसी होऊ शकेल असा मूळ आजार असतानाच लावायचा, कारण नुसता डी-डायमर ऑपरेशननंतरही वाढतो.

प्लेटलेट आणि फायब्रिनोजेन दोन्ही अचानक पडलेले दिसले, तर आधी लॅबला फोन करून नळीत गुठळी झाली आहे का ते विचारा. सॅम्पल घेताना रक्त नळीत गोठलं, तरी रिपोर्ट असाच दिसतो. आमच्या सॅम्पलमध्ये गुठळी नव्हती. सहा तासांनी पुन्हा पाठवलं तेव्हा फायब्रिनोजेन १७० आलं.