आई बोलली, बायको दुखावली: मधल्या नवऱ्याने या चुका टाळा

सांगलीत विश्रामबागला राहणारं एक घर धरून चालू. नवरा कुपवाडच्या एमआयडीसीत, बायको बँकेत, आई तासगावकडून मुलाकडे राहायला आलेली. रविवारी मामा-मामी जेवायला आले, आणि वाढता वाढता आई म्हणाली, "हिला कुठली भाकरी येतीय? मावशी लावल्यात म्हणून चाललंय." सून कसंनुसं हसली. मुलाने ताटातली शेंगाचटणी कालवत मान खाली घातली.

त्याची पहिली चूक इथंच झाली. बायकोला भाकरीचं बोलणं जेवढं लागतं, त्याहून जास्त नवऱ्याचं गप्प बसणं लागतं. पाहुण्यांसमोर आईशी वाद घालायची गरज नाही, तो घालूही नये. पण "आई, भाकरीचं राहू दे. मावशींच्या पगाराचं माझं मी बघतो. मामा, आमटी घ्या अजून," एवढं तरी बोलता येतं. आईचा पाणउतारा होत नाही आणि बायको एकटी पडत नाही.

रात्री खोलीत तो म्हणतो, "तिचा स्वभावच तसा आहे, मनावर घेऊ नकोस." त्याला वाटतं आपण समजूत काढली. बायकोला मात्र ऐकू येतं, की तुझ्या दुखण्याला काही अर्थ नाही. "मामींसमोर बोलली ते चुकलंच, मी तिच्याशी बोलतो," असं म्हणून तिचं ऐकून घ्यावं. त्या वेळी आईने किती कष्टाने वाढवलं ते काढू नये. ते खरं असतं, पण ती वेळ त्याची नव्हे.

सगळ्यात महागात पडते ती पुढची चूक, आणि ती चांगल्या मनानेच होते. दुसऱ्या दिवशी तो आईला सांगतो, "तू बोललीस त्याचं तिला फार वाईट वाटलं." या एका वाक्याने तो निरोप्या होतो आणि बायको चुगलखोर ठरते. आई लगेच म्हणणार, "म्हणजे तिनं कान भरलं व्हय?" मग आईचं उत्तर बायकोकडे, बायकोचं आईकडे, अशा त्याच्या खेपा सुरू.

म्हणून वाक्याची सुरुवात 'तिला' ऐवजी 'मला' अशी करायची. आई एकटी असताना, संध्याकाळच्या चहाला, फोन बाजूला ठेवून: "आई, काल मामांसमोर तू बोललीस ते मला आवडलं नाही. घरातलं काही खटकलं तर मला सांग, चारचौघांत नको." 'तू नेहमीच असं करतेस' हे शेपूट जोडायचं नाही, कारण मग दहा वर्षांचा हिशेब निघतो. आणि हे खरोखर आपलंच मत हवं. बायकोने पढवून पाठवलेलं बोलणं आईला लगेच कळतं.

यावर आई म्हणेल, "लई पुळका आलाय बायकोचा." दोन दिवस अबोला धरेल, रात्री जेवणार नाही. बहुतेक मुलगे इथं घाबरून बायकोला म्हणतात, "तूच जाऊन माफी माग, विषय संपव." त्याने सगळं पाण्यात जातं. अबोल्यातही आईशी रोजच्यासारखं बोलत राहायचं, तिच्या गोळ्या बघायच्या, आणि म्हणणं मात्र बदलायचं नाही.

मरे बोवेन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने कुटुंबातल्या अशा त्रिकोणाची मांडणी केली आहे. दोघांमधला ताण असह्य झाला की तिसऱ्याला आत ओढलं जातं. दोघांना जरा हलकं वाटतं, मूळ दुखणं तसंच राहतं. आपल्याकडे पुष्कळदा भाकरी नुसतं निमित्त असते. मुलगा आठवडाभर आईशी दोन वाक्यं धड बोललेला नसतो, आणि ती कसर सुनेवर निघते. त्यामुळे आईला तिचा वेगळा वेळ द्या: गणपतीला न्या, तासगावच्या शेताचं, भावकीचं बोला. तिथं सुनेचा विषय निघालाच तर "ते तिला विचार की" म्हणून पुढे चला.

टीकेत तथ्य असेल तर तेही झाकू नये. आईला रक्तदाब आहे आणि आमटी खारट होतेय, हा मुद्दा बरोबरच आहे. आपल्या घरी मीठ कमी लागतं हे नवऱ्यानेच बायकोला आपलं म्हणून सांगावं. 'आई म्हणत होती' ही पुरवणी नको.

फरक पडतोय हे कसं ओळखायचं? आई तक्रार थेट तुमच्याकडे आणते, आणि बायको "आज काय म्हणाल्या त्या?" असं विचारायचं सोडते. टोमणे लगेच थांबतील असं नाही. मात्र शिवीगाळ, माहेरून पैसे आणण्याचा तगादा, मारहाण असलं काही असेल, तर हा मधल्या माणसाने समजुतीने घ्यायचा विषयच नाही. त्यासाठी 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आणि 181 ही महिला हेल्पलाइन आहे, आणि नवऱ्याने तिथं बिनशर्त बायकोच्या बाजूने उभं राहायचं असतं.