एका शीटमध्ये सात काचा: पहिला कट कुठे मारायचा?

खिडक्यांच्या काचा बदलताना वाया जाणारी काच सहसा एकाच कारणाने जाते. मापांची यादी वरून खाली वाचत त्याच क्रमाने कट मारले जातात. काच प्लायसारखी कोपऱ्यात थांबवून कापता येत नाही. प्रत्येक कट एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत सरळ जायला लागतो, म्हणून पहिला कट पडला की पुढची सगळी मांडणी ठरून जाते.

ऐरोलीतला एक टू-बीएचके फ्लॅट घेऊ. सरकत्या ॲल्युमिनियम खिडक्या, 5 मिमी साधी काच. हॉलला 1150 × 700 मिमीच्या दोन काचा हव्यात, बेडरूमला 1150 × 500 च्या दोन, किचनला 860 × 650 च्या दोन आणि दारावरच्या व्हेंटिलेटरला 600 × 450 ची एक. शीट आहे 2440 × 1830, म्हणजे दुकानातली आठ बाय सहा.

आधी मापे. जुन्या इमारतीत चौकट क्वचितच काटकोनात असते, त्यामुळे रुंदी आणि उंची प्रत्येकी तीन ठिकाणी मोजा आणि सर्वांत लहान आकडा धरा. काच सेक्शनच्या खाचेत किती जाते ते त्यात मिळवा आणि रबरासाठी मोकळीक सोडा. सगळे मिमीमध्येच लिहा. एक सूत म्हणजे 3 मिमीपेक्षा थोडे जास्त; इंच-सूत आणि मिमी एकाच कागदावर आले की काच अडकते नाही तर सैल बसते.

आता कागदावर शीट आखा. यादीच्या क्रमाने गेलो तर हॉलच्या दोन काचा आडव्या शेजारी-शेजारी बसतात, त्यावर बेडरूमच्या दोन. खालच्या कडेची 15 मिमीची छाटणी धरून वर 615 मिमीची पट्टी उरते. किचनला 650 हवे. 35 मिमी कमी पडले आणि दुसरी शीट आणावी लागली.

तीच यादी दुसऱ्या नजरेने बघा: सर्वांत जास्त काचांमध्ये कोणते माप सारखे आहे? 1150, चार काचांमध्ये. मग शीट लांबीने आडवी ठेवून खालची कड 15 मिमी काढा आणि तिथून 1150 वर पहिला लांब कट मारा. या पट्टीत 700, 700, 500, 500 उभ्या बसतात. बेरीज 2400, उरलेले 40 मिमी दोन्ही टोकांना वीस-वीस. वरच्या 665 मिमीच्या पट्टीची वरची कड 15 मिमी काढली की 650 राहते. डावीकडची 20 मिमी कड काढून किचनच्या दोन काचा आडव्या घ्या, 1720. उजवीकडे 700 × 650 चा तुकडा राहतो, त्यातून व्हेंटिलेटर निघतो. सातही काचा एका शीटमध्ये, सुमारे 93 टक्के काच वापरात.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. शिल्लक मिलिमीटर एका टोकाला साठवू नका, कडांवर वाटा. गोदामातून येणाऱ्या शीटच्या कडेला टवके असतात, त्या कडा काढायच्याच असतात. शिवाय 5 मिमी काचेची 6-7 मिमीची चिंचोळी पट्टी सरळ मोडत नाही, तडा आत घुसतो. 15-20 मिमीची पट्टी पकडीने नीट निघते. म्हणून बेरजेनंतर दोन्ही कडांना किमान 10 मिमी उरत नसतील, तर ती मांडणी कागदावरच सोडून द्या.

कट मारण्यापूर्वी खालची आणि डावी कड काटकोनात आहेत का ते गुण्या लावून बघा. कटरच्या चाकाने काच खर्ची पडत नाही, पण चाक आधाराला धरलेल्या मोजपट्टीच्या कडेपासून दोन-तीन मिमी लांब चालते. एका टाकाऊ तुकड्यावर ओढून ते अंतर मोजा आणि मोजपट्टी तेवढी मागे ठेवा. हे विसरले की प्रत्येक काचेचे माप चुकते.

चाकाला रॉकेल लावून एकाच दमात, एकसारख्या दाबाने ओढा. बारीक, सलग करकर आवाज येत असेल तर दाब बरोबर आहे. रेघेवर पांढरी भुकटी उडाली तर दाब जास्त झाला. त्याच रेघेवर पुन्हा कटर फिरवू नका. चाकही जाते आणि काचही वेडीवाकडी फुटते. रेघ पडली की लगेच मोडा. 2440 च्या कटला दोघे हवेत, कारण पूर्ण शीट सुमारे 56 किलोची असते. ती बहुतेक सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये मावतही नाही, तेव्हा कटिंग दुकानाच्या टेबलावरच करून घ्या आणि आखलेला कागद सोबत न्या. हातमोजे आणि चष्मा घालूनच उभे राहा.

टफन्ड काच हवी असेल तर हीच मांडणी भट्टीत जाण्याआधी करावी लागते. एकदा टफन केलेली काच कापायला गेलात तर तिचा चुरा होतो.