ढांगा मोजून अंतर काढताना या चुका टाळा

घड्याळ, मोबाईल घरी ठेवून गोव्यात मिरामार–करंजाळेच्या बाजूला सकाळी धावणाऱ्यांना हा जुना हिशेब चांगला उपयोगी पडतो. माहीत असलेल्या अंतरात, म्हणजे आपल्या मोजपट्टीवर, किती ढांगा पडतात ते एकदा मोजायचं, एका ढांगेची लांबी काढायची आणि धावताना मोजलेल्या ढांगांना तिने गुणायचं. हिशेब सोपा आहे, पण मोजमापात राहिलेली बारीकशी चूक शेवटी काहीशे मीटरची होऊन बसते.

आधी ढांग म्हणजे काय ते पक्कं करा. उजवा पाय टेकला की पुन्हा उजवा टेकेपर्यंत एक ढांग. फक्त उजवा पाय मोजला की आकडे निम्मे होतात आणि श्वासही बिघडत नाही. गोंधळ होतो तो मोजपट्टीवर दोन्ही पाय आणि धावताना एकच पाय मोजल्याने. उत्तर अगदी निम्मं किंवा दुप्पट आलं तर हीच चूक झाली असं समजा.

सगळ्यात जास्त नुकसान करते ती आखूड मोजपट्टी. अंगणात टेपने वीस मीटर आखून मोजलं तर जेमतेम दहा ढांगा भरतात. शेवटची ढांग खुणेच्या अलीकडे पडली की पलीकडे, यात अर्ध्या ढांगेची चूक सहज होते. ती पाच टक्के झाली, म्हणजे पाच किलोमीटरला अडीचशे मीटर. दोनशे मीटरवर तीच अर्धी ढांग अर्धा टक्का ठरते. म्हणून मोजपट्टी निदान दोनशे मीटरची हवी. मैदानावरचा चारशे मीटरचा ट्रॅक उत्तम, पण धावायचं अगदी आतल्या लेनमध्ये. बाहेरच्या लेनचा फेरा मोठा असतो.

ट्रॅक नसेल तर रस्त्याकडेचे दगड बघा. महामार्गावर दोन किलोमीटर-दगडांच्या मध्ये दर दोनशे मीटरवर लहान दगड असतात, त्यांवर 2, 4, 6, 8 असे आकडे. मात्र रुंदीकरणात एखादा दगड हललेला किंवा गायब झालेला असू शकतो. सलग तीन टप्पे मोजा. एकाच टप्प्याचा आकडा फटकून आला तर तो दगड सोडून द्या. आणि दगड नव्हे, दगडांमधली अंतरं मोजा. सहा दगड म्हणजे पाच टप्पे, एक किलोमीटर. पणजी–रायबंदर पाटो हा बांधावरचा रस्ता सरळ आणि सपाट आहे, पण ‘तीनेक किलोमीटर’ असं ऐकलेलं अंतर मोजपट्टी म्हणून धरू नका. ते कुठून कुठपर्यंत मोजलं हेच ठाऊक नसतं, आणि त्यातली चूक तुमच्या उत्तरात जशीच्या तशी उतरते.

मोजायला सुरुवात करताना उभ्या जागेवरून निघू नका. खुणेच्या वीस-तीस मीटर आधीपासून धावत या, रोजचा वेग धरा आणि खूण ओलांडताना पहिली ढांग मोजा. एकदा जाताना, एकदा येताना. समजा जाताना 96 आणि येताना 100 आल्या. सरासरी 98. दोनशे भागिले 98, म्हणजे ढांग 2.04 मीटर. समुद्राकडून वारा असला किंवा रस्ता किंचित चढाचा असला, की हा फरक पडतोच.

आता वाळू. इथेच बहुतेकांचं गणित फसतं. भरतीच्या रेषेवरच्या भुसभुशीत वाळूत पाय मागे सरकतो आणि ढांग आखूडते. त्याच धावणाऱ्याला वाळूत दोनशे मीटरला 112 ढांगा लागल्या, तर एक ढांग 1.79 मीटरची. वाळूत 1500 ढांगा टाकून रस्त्याच्या आकड्याने गुणलं, की 3060 मीटर येतात. प्रत्यक्षात कापलेले असतात साधारण 2680. तीनशे ऐंशी मीटर फुकटचे! ओहोटीला ओली घट्ट वाळू रस्त्याच्या जवळ जाते, तरी तिचाही आकडा वेगळाच काढा. वाळूत मोजपट्टी आखायला मासेमारीची नायलॉनची दोरी हाताशी असली तरी वापरू नका. ती भिजली, ताणली की लांबते. पन्नास मीटरचा टेप चार वेळा अंथरा.

थकल्यावरही ढांग बदलते. धावणं संपताना तेच दोन दगड पुन्हा मोजून बघा. सुरुवातीला 98 आणि शेवटी 104 आल्या, तर हिशेब 101 ने करा. चालत केलेल्या भागाचा आकडा तर पूर्ण वेगळा. तो धावण्याच्या ढांगांत मिसळू नका.

शंभर झाल्या की उजव्या खिशातला एक शिंपला डाव्या खिशात टाका. उत्तर मनातल्या अंदाजापेक्षा साधारण दोनशे मीटरने कमी भरलं तर ढांग मोजण्याआधी शिंपले मोजा: एक शंभर सुटलं की बरोबर एवढाच फरक पडतो.